वर्षाला 3,200 रुपये जास्त का? एका मुख्याध्यापिकेचं पालकसभेतलं निवेदन

सध्याची फी 32,000 रुपये. प्रस्तावित फी 35,200 रुपये. वाढ 3,200 रुपये, म्हणजे 10 टक्के. लागू होणार पुढच्या जूनपासून, दोन शैक्षणिक वर्षांसाठी. हे आकडे मी सगळ्यांत आधी सांगितले, कारण तुम्ही तेच ऐकायला आला आहात. आता हा आकडा कुठून आला, तो कमी होऊ शकतो का आणि केला तर काय सोडावं लागेल, हे एकेक करून सांगते.

महिन्याला 267 रुपये होतात, असं सांगून मी हा आकडा लहान करून दाखवणार नाही. ज्यांची दोन मुलं आपल्या शाळेत आहेत, त्यांच्यासाठी ही वर्षाला 6,400 रुपयांची वाढ आहे. आपल्याकडे भाजीविक्रेते, रिक्षाचालक, एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारे पालक आहेत. त्यांच्या पगारात दर दोन वर्षांनी 10 टक्के भर पडतेच असं नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच या आकड्याचा हिशेब तुमच्यासमोर पूर्ण मांडला गेला पाहिजे.

आधी या वर्षाचा जमाखर्च. तुमच्या हातातल्या कागदावर तो आहे, पण कागद बाजूला ठेवून ऐकलंत तरी चालेल. शाळेत पहिली ते दहावी 20 तुकड्या आणि 720 मुलं आहेत. त्यातली 132 मुलं शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागांवर आलेली आहेत, त्यांच्याकडून आपण फी घेत नाही. उरलेल्या 588 मुलांची फी 32,000 प्रमाणे 1 कोटी 88 लाख होते. प्रत्यक्षात हातात येतात 1 कोटी 82 लाख. मधल्या 6 लाखांपैकी निम्म्याहून थोडी अधिक रक्कम ही अडचणीतल्या 20 मुलांना दिलेली अर्धी सवलत आहे, आणि बाकीची थकबाकी. सरकारकडून शुल्क प्रतिपूर्तीचे 9 लाख आले. म्हणजे जमा 1 कोटी 91 लाख.

खर्चही तेवढाच आहे, 1 कोटी 91 लाख. त्यातले 1 कोटी 34 लाख माणसांवर खर्च होतात. आपल्याकडे 30 शिक्षक आहेत, त्यांचा सरासरी पगार महिना 28,000 रुपये. शिपाई, लिपिक, प्रयोगशाळा सहायक असे 10 जण आहेत, त्यांना सरासरी 15,000. वर्षाचे पगार 1 कोटी 19 लाख होतात. त्यावर शाळेच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी 9 लाख 36 हजार आणि ग्रॅच्युइटीची तरतूद 5 लाख 70 हजार. दुसरा मोठा भाग चालू खर्चाचा, 45 लाखांचा: वीज-पाणी, डागडुजी, प्रयोगशाळा आणि संगणक, साफसफाई आणि सुरक्षारक्षक, परीक्षा, स्टेशनरी, विमा, लेखापरीक्षण. तिसरा भाग म्हणजे नव्या इमारतीच्या कर्जाचे वर्षाचे 12 लाखांचे हप्ते. थोडक्यात, शाळेचे 100 रुपये खर्च होतात तेव्हा 70 माणसांना जातात, 24 चालू खर्चाला आणि 6 बँकेला.

ग्रॅच्युइटीबद्दल दोन वाक्यं जास्त सांगते, कारण मागच्या सभेत एका पालकांनी ‘हे ऐच्छिक आहे ना?’ असं विचारलं होतं. ते ऐच्छिक नाही. पूर्वी खासगी शाळांतल्या शिक्षकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे की नाही यावर वाद होता. संसदेने 2009 मध्ये दुरुस्ती करून शिक्षकांना त्यात आणलं, तेही 3 एप्रिल 1997 पासून मागे जाऊन. शाळांनी त्याला आव्हान दिलं आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षाला 15 दिवसांचा पगार द्यायचा, तोही महिना 26 दिवसांचा धरून. म्हणून दरवर्षी पगाराच्या 4.81 टक्के रक्कम बाजूला काढावी लागते. ज्या शाळा ती काढत नाहीत, त्यांची फी आज कमी दिसते. पण तीन-चार जुने शिक्षक एकाच वर्षी निवृत्त झाले की तो बोजा त्या वर्षीच्या पालकांवर एकदम पडतो.

आता वाढीकडे येते. आपल्या राज्याचा शुल्क विनियमन कायदा 2011 चा आहे. त्यानुसार एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. आणि पुढच्या वर्षाचा प्रस्ताव शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. म्हणून ही चर्चा जूनमध्ये न होता आज, नोव्हेंबरमध्ये होते आहे. आणि म्हणूनच या 10 टक्क्यांत एका नव्हे, दोन वर्षांची महागाई आहे.

पगारात दरवर्षी 7 टक्के वाढ धरली आहे. त्याने पगाराचा खर्च पहिल्या वर्षी 8 लाख 30 हजारांनी आणि दुसऱ्या वर्षी आजच्या तुलनेत 17 लाख 20 हजारांनी वाढेल. त्याच प्रमाणात ग्रॅच्युइटी 40 आणि 80 हजारांनी वाढेल. भविष्य निर्वाह निधी मात्र वाढणार नाही, कारण आपण तो 15,000 रुपयांच्या कायदेशीर मर्यादेवर भरतो. चालू खर्चात दरवर्षी 6 टक्के वाढ धरली, तर 2 लाख 70 हजार आणि 5 लाख 60 हजार. कर्जाचा हप्ता आहे तोच राहील. बेरीज केली तर पहिल्या वर्षी 11 लाख 40 हजार जास्त लागतील आणि दुसऱ्या वर्षी 23 लाख 60 हजार. दोन वर्षांची सरासरी साडेसतरा लाख.

588 मुलांना 3,200 प्रमाणे वाढ लावली आणि सवलत-थकबाकी आजच्याच प्रमाणात वजा केली, तर वर्षाला 18 लाख 20 हजार जमतात. म्हणजे पहिल्या वर्षी गरजेपेक्षा 6 लाख 80 हजार जास्त आणि दुसऱ्या वर्षी 5 लाख 40 हजार कमी. हे मुद्दाम सांगते आहे. पुढच्या वर्षीचा ताळेबंद बघून कुणी म्हणेल, शाळेला पावणेसात लाखांचा नफा झाला. तो नफा नाही, दुसऱ्या वर्षाचे पैसे आधी आलेले आहेत. ते वेगळ्या मुदत ठेवीत राहतील, त्या ठेवीची पावती कार्यकारी समितीसमोर ठेवली जाईल आणि दुसऱ्या वर्षीच ती मोडली जाईल. दोन वर्षांनंतर सगळं मिळून 1 लाख 40 हजार शिल्लक राहतात. एका नळाच्या दुरुस्तीपासून एका छताच्या गळतीपर्यंत काहीही निघालं तर तेवढंच हाताशी आहे.

संस्थेचा पहिला प्रस्ताव 4,800 रुपयांचा होता, म्हणजे 15 टक्क्यांचा. त्यातल्या 1,600 रुपयांतून वर्षाला साधारण 9 लाख जमले असते. त्यात आठ वर्गांसाठी डिजिटल फळे होते आणि मैदानाची कुंपणभिंत होती. मी त्याला विरोध केला. फळा एकदाच घ्यायचा असतो, फी मात्र वर्षानुवर्षं चालू राहते. एकदाच होणारा खर्च फीमध्ये घुसवला की वस्तू घेऊन झाल्यावरही ती रक्कम फीतून कधी बाहेर पडत नाही. आपल्या भागातल्या बहुतेक शाळांच्या फीवाढीत हीच गोष्ट लपलेली असते. म्हणून कुठल्याही शाळेत फीवाढीची सभा असेल, तर पहिला प्रश्न विचारा: यात एकदाच होणारा खर्च किती आहे? भिंतीसाठी आता संस्था देणगी मागते आहे. डिजिटल फळे थांबले आहेत.

आता एक नाजूक विषय. शिक्षण हक्काच्या मुलांमुळे आमची फी वाढते, असं काही पालक उघड म्हणतात, काही आपसांत म्हणतात. त्यावर आकड्यांतच बोलू. एका मुलामागे शाळेचा खर्च 26,528 रुपये आहे. सरकारची प्रतिपूर्ती एका मुलामागे 17,670 रुपये, किंवा शाळेची फी त्याहून कमी असेल तर तेवढी. म्हणजे सरकारने पूर्ण पैसे वेळेवर दिले तरी दर मुलामागे जवळपास 8,900 रुपये कमी पडतात. आणि ते वेळेवर येत नाहीत. 132 मुलांचे 23 लाख 32 हजार यायला हवे होते, आले 9 लाख. दोन्ही मिळून 26 लाखांची तूट होते आणि ती 588 पालकांवर विभागली तर प्रत्येकी सुमारे 4,400 रुपये.

हा आकडा खरा आहे, पण त्याचा अर्थ चुकीचा लावू नका. ही मुलं उद्या नसती तर फी 4,400 ने उतरली असती का? नाही. वर्गात 36 ऐवजी 29 मुलं बसली असती, पण शिक्षक तेवढेच, वीज तेवढीच, हप्ता तोच राहिला असता. उलट प्रतिपूर्तीचे आलेले 9 लाखही आले नसते. त्या जागांवर फी भरणारी मुलं मिळाली असती तरच फरक पडला असता आणि पहिलीत आपल्या सगळ्या खुल्या जागा दरवर्षी भरतातच असं नाही. तूट आहे ती सरकारच्या अपुऱ्या प्रतिपूर्तीची आणि थकबाकीची, त्या लेकरांची नाही. ही थकबाकी मिळेल असं गृहीत धरून मी फी कमी ठेवलेली नाही, आणि मिळणार नाही म्हणून ती या वाढीत टाकलेलीही नाही. या 3,200 मध्ये तिचा एक रुपयाही नाही. मागचे पैसे आले, तर ते आधी कर्जात भरावेत असा माझा प्रस्ताव आहे.

पर्यायांबद्दल. पहिला पर्याय, फी अजिबात वाढवायची नाही. ते शक्य आहे. त्यासाठी दोन वर्षं सरासरी साडेसतरा लाखांची कपात हवी. चालू खर्चाच्या 45 लाखांतून फार तर अडीच-तीन लाख निघतील, कारण साफसफाई, वीज आणि विमा यांना हात लावता येत नाही. मग उरतात पगार. पगारवाढ थांबवली तर काय होतं ते आपण पाहिलं आहे. आठवी-नववीला गणित शिकवणारे शिक्षक मागच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, सहामाहीच्या तोंडावर शिकवणी वर्गात गेले. तिथे त्यांना आपल्या दीडपटीहून जास्त पगार मिळतो. नवे शिक्षक मिळेपर्यंत विज्ञानाच्या बाईंनी दोन्ही विषय सांभाळले. नवीन माणूस मिळाला, पण दहावीच्या पायाचं वर्ष मध्येच तुटलं. वहीवर अर्धवट सुटलेली प्रमेयं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत.

पगारवाढ द्यायची आणि फीही वाढवायची नाही, तर माणसं कमी करावी लागतील. चित्रकला, खेळ, संगणक आणि समुपदेशन या चार जागा बंद केल्या, तर पगार, निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून 15 लाख वाचतात. उरलेली रक्कम चालू खर्चातून काढता येईल. म्हणजे हिशेब जुळतो. कागदावर हा पर्याय पूर्णपणे चालणारा आहे, हे मी लपवणार नाही. पण मग एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांची तयारी शाळेत होणार नाही आणि इंटरमिजिएटमुळे दहावीला मिळणारे वाढीव गुण हवे असतील तर बाहेर क्लास लावावा लागेल. तालुक्याच्या स्पर्धांना संघ पाठवणारं कुणी राहणार नाही. चित्रकलेच्या बाहेरच्या क्लासची फी आपल्या गावात वर्षाला किती आहे, ते तुम्हीच एकमेकांना विचारा आणि मग 3,200 शी तोलून बघा. तरीही तुमच्यातल्या बहुतेकांना हाच पर्याय हवा असेल, तर तो समितीत मांडला गेला पाहिजे.

दुसरा पर्याय, मुलं वाढवायची. वर्गात 36 ऐवजी 40 बसू शकतील, बाकं तेवढी आहेत. पण मधल्या इयत्तांमध्ये प्रवेश घेणारी मुलं कमी असतात. मुख्यतः पाचवीत आणि आठवीत ती येतात, तेव्हा घराजवळची चौथीपर्यंतची किंवा सातवीपर्यंतची शाळा संपलेली असते. चार तुकड्यांत प्रत्येकी 4 म्हणजे 16 मुलं आली, तर आजच्या फीने 5 लाख 12 हजार होतात. हे पैसे मी हिशेबात धरलेले नाहीत, कारण ती मुलं अजून आलेली नाहीत.

तिसरा, छतावर सौर पॅनेल. आपल्या वीजबिलाचा आकडा साडेपाच लाखांच्या घरात आहे. 20 किलोवॉटचा संच वर्षाला साधारण 28,000 युनिट देतो आणि 9 रुपये युनिट धरलं तर अडीच लाख वाचतात. शाळा मे महिन्यात बंद असते तेव्हा ऊन सर्वांत जास्त असतं, पण नेट मीटरिंगमध्ये ती वीज पुढच्या महिन्यांत वळती होते. संचाला 10 ते 11 लाख लागतात. म्हणजे साडेचार वर्षांत पैसे वसूल. आपल्याकडे आज ते 10 लाख नाहीत. एमआयडीसीतल्या दोन कंपन्यांकडे सामाजिक दायित्व निधीतून मागणी केली आहे. उत्तर आलेलं नाही. आलं तर फीमध्ये दर मुलामागे सुमारे 425 रुपयांची जागा मोकळी होईल.

गणवेश आणि पुस्तकांच्या विक्रीतून पैसे मिळवण्याची सूचनाही आली होती. दुकानदाराकडून मिळणारं कमिशन शेवटी गणवेशाच्या किमतीतच येतं, म्हणजे तुमच्याच खिशातून. तो मार्ग आपण घेणार नाही. अनुदानाचा प्रश्नही अनेकदा येतो. आपली शाळा 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याखाली मान्यता घेतलेली आहे आणि त्या मान्यतेतच शासनाकडे अनुदान मागता येणार नाही अशी अट आहे.

सवलतींबद्दल एक हिशेब लक्षात ठेवा. सवलत म्हणून दिलेला प्रत्येक एक लाख रुपया 588 जणांवर प्रत्येकी 170 रुपयांनी पडतो. तरीही 20 मुलांची सवलत चालू ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांच्या घरात कमावतं माणूस गेलं किंवा काम सुटलं, त्या मुलांना दहावीच्या आधी शाळा बदलायला लागू नये. दुसऱ्या भावंडाला सरसकट सवलत द्या, ही मागणी मात्र मी मान्य करू शकत नाही, कारण तिचा बोजा एकुलतं एक मूल असलेल्या गरीब पालकांवर जातो.

इमारतीचं कर्ज मार्च 2028 मध्ये संपेल. पुढची फी जून 2028 साठी ठरेल. त्या वेळी वर्षाचे 12 लाख मोकळे होतील, म्हणजे फी भरणाऱ्या दर मुलामागे सुमारे 2,040 रुपये. ती रक्कम गुपचूप दुसऱ्या खर्चात जिरणार नाही, असा ठराव संस्थेने लेखी करावा, अशी अट मी प्रस्तावासोबत घातली आहे. ती अट समितीच्या फाइलमध्ये आहे. त्या वेळी मी इथे असेन की नाही ठाऊक नाही, पण कागद असेल.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. तपासून बघा. सगळ्या शाळांबद्दल सर्वांत मोठी शंका पगाराच्या आकड्यावर असते, आणि ती रास्त आहे. काही ठिकाणी शिक्षकांच्या खात्यात पूर्ण पगार जमा होतो आणि त्यातले काही हजार रोख परत मागितले जातात. ते ताळेबंदात दिसत नाही. पण दोन जागी खूण सापडू शकते. भविष्य निर्वाह निधीच्या मासिक चलनावर किती कर्मचाऱ्यांसाठी पैसे भरले ती संख्या असते. जमाखर्चात 40 पगार आणि चलनावर 25 जण असतील, तर त्याचं कारण विचारा. आपली मागच्या बारा महिन्यांची चलनं कार्यालयात ठेवली आहेत, प्रत्येकावर 40 जण आहेत. दुसरी खूण म्हणजे शिक्षक किती वेगाने बदलतात. तुमच्या मुलाला विचारा, वर्षात एका विषयाला किती शिक्षक झाले. शिक्षकांशी एकट्याने बोला, मी तिथे नसताना.

निर्णय मी करणार नाही, संस्थाही एकटी करणार नाही. कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेचे पालक सोडतीने आलेले आहेत. तिने 30 दिवसांत निर्णय द्यायचा आहे. समितीने कमी फी मान्य केली आणि तिच्या व संस्थेच्या आकड्यात 15 टक्क्यांहून जास्त फरक राहिला, तरच संस्था विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकते. पालकांना स्वतः तिथे जायचं असेल, तर 2018 च्या दुरुस्तीनंतर 25 टक्के पालकांची एकजूट लागते. ही अट पालकांना जड आहे, असं मला वाटतं. म्हणूनच हरकत असेल तर ती समितीच्या टप्प्यावरच मांडा, इथे एकट्या पालकाचंही ऐकून घेतलं जाईल.

तीन वर्षांचे लेखापरीक्षित जमाखर्च, कर्जाचं वेळापत्रक आणि निधीची चलनं सोमवारपासून शनिवारपर्यंत दुपारी 3 ते 6 कार्यालयात पाहायला मिळतील. प्रती हव्या असतील तर लिपिकांकडे मागा, पैसे पडणार नाहीत. हरकती लेखी द्या, त्यात तुम्हाला मान्य असलेला आकडा लिहा आणि तो कुठला खर्च कमी करून साधायचा तेही लिहा. प्रत्येक हरकत समितीच्या बैठकीत वाचून दाखवली जाईल.